सोफा बदलला, पण गादीचं काय?

"घरात धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर गालिचा आणि पडदे काढून टाका, कापडी सोफ्याऐवजी लेदरचा घ्या, खिडक्यांना ब्लाइंड्स लावा. पुसता येणारं सामान असलं की अ‍ॅलर्जीचा प्रश्नच मिटला."

असा सल्ला अनेकदा ऐकू येतो. त्यातल्या सोफ्यापासून सुरुवात करू. पुसता येणारा सोफा चांगलाच, त्याच्या आत माइट, म्हणजे धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, सहज शिरत नाहीत. पण धुळीच्या अ‍ॅलर्जीत बहुतेकदा त्रास देतात ते हे माइट, आणि त्यांचा मोठा अड्डा असतो गादी-उशीत. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं खाणं, आणि ऊब व ओलावाही तिथेच मिळतो. आठ तास नाक ज्या उशीवर टेकलेलं असतं, ती सोडून आधी दिवाणखान्यावर खर्च करणं उलटंच झालं.

म्हणून पहिला खर्च गादी-उशीच्या खोळींवर करावा. खोळ सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची आणि घट्ट विणीची हवी. विणीची छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा लहान हवीत, कारण अ‍ॅलर्जी मुख्यतः माइटच्या विष्ठेची असते आणि तिचे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे असतात. नुसत्या वरच्या बाजूला इलॅस्टिकने बसणाऱ्या कव्हरचा इथे उपयोग नाही. चेन जिथे संपते तिथली फट चिकटपट्टीने बंद करावी. वरची चादर आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांवर धुवावेत. गार पाण्यात बरीचशी विष्ठा निघून जाते, पण माइट जिवंत राहतात. मशीनवर नुसतं 'वॉर्म' लिहिलेलं असेल तर ते अनेकदा ४० अंशच असतं. त्यामुळे चादर विकत घेतानाच लेबल बघा: ६० अंश चालत नसेल तर ती कितीही सुंदर असो, ठेवून द्या.

ब्लाइंड्सचा सल्ला तर मला कधीच पटला नाही. आडव्या पट्ट्या म्हणजे एकाखाली एक लावलेली अरुंद फळकुटंच. प्रत्येकीवर धूळ बसते आणि प्रत्येक पट्टी वेगळी पुसावी लागते. दोन पट्ट्या पुसून माणूस कंटाळतो. त्यापेक्षा पातळ, एकेरी पडदा हुकांवरून उतरवून सरळ मशीनमध्ये टाकता येतो. जाड, अस्तर लावलेले पडदे मात्र नकोत.

गालिचा काढणं योग्यच. मात्र उघड्या फरशीवर कोरडा झाडू फिरवला की धूळ पुन्हा हवेत जाते. ओलं फडकं फिरवा, आणि अ‍ॅलर्जी असलेल्याने त्या वेळी दुसऱ्या खोलीत थांबावं. माइटचे कण जड असतात, बऱ्याच अंशी अर्ध्या तासात खाली बसतात.

आणि नुसती खोळ चढवून भागत नाही. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली तर माइट दुसरीकडे वाढतात. त्रास मांजर, बुरशी किंवा परागकणांचा असेल तर या खोळीने विशेष फरक पडणार नाही. त्यामुळे खरेदीआधी अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्या.