कोणाचंही मन न दुखावणारी विनोदी कॅप्शन कशी लिहावी

तुमचा ब्रँड थालीपिठाची भाजणी विकतो आणि मालकांना ट्रेंडवरची रील हवी आहे. मागणी साधी असते. बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे, भाजणी खपली पाहिजे आणि कोणाचा रागावून फोन येता कामा नये. तिन्ही गोष्टी एका कॅप्शनमध्ये बसवायच्या असतील तर पुढचा सल्ला नीट वाचा आणि अजिबात विचार न करता अमलात आणा.

ट्रेंड निवडताना तो कशाबद्दल आहे हे चुकूनही बघू नका. रीलवर आवाजाचं नाव दिसतं. त्यावर बोट ठेवलं तर त्याच आवाजावर इतरांनी केलेल्या रील्स उघडतात. त्यातल्या दहाबारा पाहिल्या की लोक तो आवाज लग्न मोडल्यावर वापरतात, आजोबा गेल्यावर वापरतात की मांजर पडल्यावर, ते कळतं. पण एवढा वेळ कोणाकडे आहे? २०१४ मध्ये अमेरिकेत डिजॉर्नो नावाच्या गोठवलेल्या पिझ्झाच्या ब्रँडने असाच वेळ वाचवला होता. ट्विटरवर #WhyIStayed हा हॅशटॅग जोरात होता. मारहाण करणाऱ्या जोडीदारासोबत आपण का राहिलो, हे बायका त्यात सांगत होत्या. ब्रँडने त्याच हॅशटॅगवर ‘पिझ्झा होता ना’ अशा अर्थाचं वाक्य टाकलं. हॅशटॅग कशाबद्दल आहे ते आधी वाचलं नव्हतं, हे त्यांनी नंतर मान्य केलं आणि कितीतरी लोकांची एकेक करून माफी मागितली. त्या दिवशी जगभर त्यांचं नाव झालं. तुम्हालाही प्रसिद्धीच हवी आहे ना?

आता विनोद. पहिला मसुदा सासू-सुनेवरच हवा, नाहीतर लिहिणारा मराठी आहे हे कळणार कसं? ‘सासूबाई म्हणाल्या, आजकालच्या मुलींना साधं थालीपीठ थापता येत नाही. मग गुपचूप आमचंच पाकीट फोडलं!’ तुम्ही म्हणाल, शेवटी टोमणा सासूवरच उलटतो, मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की शेवट कोणाला दिसतच नाही. रीलखाली कॅप्शनची जेमतेम एक ओळ दिसते, बाकीची तीन टिंबांमागे जाते. म्हणजे जगासमोर राहतं ते एवढंच: आजकालच्या मुलींना साधं थालीपीठ थापता येत नाही, आणि शेजारी तुमचा लोगो. लोक स्क्रीनशॉटही तेवढ्याचाच घेतात. कॅप्शन नंतर बदलता येते, स्क्रीनशॉट बदलता येत नाही. त्यामुळे टोमणा पहिल्या ओळीत आणि सारवासारव तिसऱ्या ओळीत, ही रचना कायम ठेवा.

एखादी चौकस सहकारी सांगेल की जाहिरातींच्या स्वयंनियमनाचं काम करणाऱ्या ‘अॅस्की’ने २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांच्या ठराविक साच्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. जाहिरातीत बाई स्वयंपाक करताना दाखवायला हरकत नाही. पण ते काम तिचंच आहे असं सुचवायचं नाही, आणि साच्यात न बसणाऱ्याची थट्टा विनोदाच्या नावाखालीही करायची नाही. तिला चहा पाजा आणि ‘अगं, गंमत आहे’ म्हणा. तिचं हे एकच वाक्य तुमचा अख्खा आठवडा वाचवू शकलं असतं, म्हणून तर ते दुर्लक्षित करायचं.

मग मसुदा व्हॉट्सअॅपच्या मंजुरी ग्रुपवर टाका. खरी मजा तिथे आहे. सासू उडते, तिच्या जागी पुणेकर येतो: ‘दुपारी एक ते चार आमची भाजणीसुद्धा झोपते.’ पुण्याचा वितरक अंगठ्याचा इमोजी टाकतो, पण खाली लिहितो, ‘आता हे जुनं झालं साहेब.’ पुणेकर जातो, ‘घाटावरचे विरुद्ध कोकणातले’ येतं. मालकांची सासरची मंडळी रत्नागिरीची, त्यामुळे तेही जातं. मग कोणीतरी ‘डाएटवाल्यांना काय कळणार थालीपीठ’ सुचवतं. भाजणीचं अर्धं गिऱ्हाईक डाएटवाल्यांचंच आहे हे हिशेबनीस लक्षात आणून देतो. दर वेळी फक्त माणूस बदलतो, टोमणा तोच राहतो. टोमण्याला माणूसच कशाला हवा, असा प्रश्न कोणी विचारू लागलं तर त्याला ताबडतोब ग्रुपमधून काढा.

तरी एक धोका उरतोच. ऑफिसात नवीन लागलेली एखादी मुलगी घरी खरंच थालीपीठ लावत असते. ती हळूच लिहिते: ‘पहिलं थालीपीठ तव्याचं असतं. ते त्याच्याकडे मागू नका.’ सावध व्हा. हे वाक्य एका ओळीत मावतं, तीन टिंबांमागे काही लपत नाही. तवा पुरता तापलेला नसतो, पीठ घट्ट भिजलेलं असतं, म्हणून पहिलं थालीपीठ चिकटतं आणि उलथनं घातलं की त्याचे दोन तुकडे होतात, हे नाशिकच्या आजोबांना आणि न्यू जर्सीतल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. इथे फजिती तव्याची आहे, आणि तव्यांची संघटना अजून झालेली नाही. शिवाय ‘अपेक्षा आणि वास्तव’ या ट्रेंडमध्ये ते आपोआप बसतं: आधी पाकिटावरचं गोल, मधे भोक पाडलेलं, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, मग तव्याला धरून बसलेला तो नकाशा.

मालक लगेच विचारतील, ‘म्हणजे आपलं थालीपीठ चिकटतं असं आपणच सांगायचं?’ मुलीकडे याचंही उत्तर असतं. दुसऱ्या ओळीत ती लिहिते, ‘कोमट पाण्यात पीठ सैलसर भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, तवा नीट तापू द्या. दुसऱ्यापासून सुटतं.’ पहिल्या ओळीला हसलेल्या माणसाला दुसऱ्या ओळीत कामाची गोष्ट मिळाली, आणि ती गोष्ट तुमच्याच भाजणीबद्दल आहे. अशी कॅप्शन मंजूर झाली तर पुढच्या मीटिंगा कशासाठी घ्यायच्या? म्हणून ती ‘पुढच्या महिन्यासाठी’ राखून ठेवा.

शेवटचा अडसर इमोजीचा. नारिंगी हृदय टाकलं तर एका बाजूचे समजले जाल, हिरवं टाकलं तर दुसऱ्या, निळं टाकलं तर तिसऱ्या. आपल्या राज्यात इंद्रधनुष्यसुद्धा पक्षप्रवेश केल्याशिवाय उगवत नाही. यावर दोन दिवस चर्चा करा आणि तपकिरी हृदयावर एकमत करा. भाजणीचा रंग म्हणून ते खरं तर पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं, पण मग मिनिट्स ऑफ मीटिंगमध्ये काय लिहिणार?

तेवढ्यात ट्रेंड संपलेला असतो. ज्या गाण्यावर रील केली ते बिझनेस अकाउंटला वापरायची परवानगीच नाही, हेही आज कळतं, म्हणून मागे फुकटची बासरी लागते. मंजूर कॅप्शन अशी: ‘परंपरेची चव, सर्वांसाठी.’ रील जाते. कोणाचंही मन दुखावत नाही, कारण कोणाचंही तिकडे लक्ष जात नाही. फक्त एका बाईंची कॉमेंट येते, ‘अर्धा किलोचा भाव काय?’

त्याखाली तुमचं उत्तर तयारच असतं: ‘डीएम केला आहे ताई.’