दोन हजार नाकारणाऱ्या मावशीला आलेला फॉरवर्ड

‘अल्टिमेटम गेम नावाच्या जगप्रसिद्ध प्रयोगाने सिद्ध केले आहे : (१) समोरचा हजारातले शंभर देत असला तरी ते घेणेच शहाणपणाचे, नाकारणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो. (२) नाकारण्यामागे स्वाभिमान वगैरे काही नसतो, दुसऱ्याला जास्त मिळालेले बघवत नाही एवढेच. (३) रक्कम मोठी झाली की सगळे निमूटपणे घेतात. (४) हा पाश्चात्त्य देशांतल्या पोटभरल्या विद्यार्थ्यांचा नखरा आहे. जे मिळते ते घ्या आणि पुढे चला.’

हा संदेश माझ्या मावशीला तिच्या दिराच्या मुलाने पाठवला. मावशीने आणि तिच्या एका ओळखीच्या बाईंनी मिळून एका लग्नाच्या फराळाचे काम घेतले होते. सामानाचा खर्च वजा जाता अठरा हजार रुपये उरले. लाडू, चिवडा, चकल्या दोघींनी बरोबरीने रात्री जागून केल्या होत्या, पण पैसे त्या बाईंच्या हातात आले आणि त्यांनी मावशीपुढे दोन हजार ठेवले. मावशी ते न घेता उठून आली. त्यानंतर आठवडाभराने हा फॉरवर्ड आला आणि तिने मला फोन करून विचारले, ‘मी मत्सरी आहे का गं?’ तिला हे विचारावेसे वाटले, याचा मला राग आहे. म्हणून दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीचे त्यामानाने किरकोळ आहेत.

आधी खेळ काय आहे ते सांगते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघांपैकी एकाला ठरावीक रक्कम दिली जाते आणि तिची वाटणी सुचवायला सांगितले जाते. दुसऱ्याने ‘हो’ म्हटले तर त्या वाटणीप्रमाणे पैसे मिळतात; ‘नाही’ म्हटले तर दोघांनाही काहीच मिळत नाही. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही. केवळ पैसा मोजायचा म्हटले तर दुसऱ्याने एक रुपयासुद्धा घ्यायला हवा, आणि हे ओळखून पहिल्याने तेवढाच द्यायला हवा. जर्मनीतील ग्यूथ, श्मिटबेर्गर आणि श्वार्त्से या तिघांनी १९८२ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा तसे घडले नाही. देणाऱ्यांनी सरासरी सदतीस टक्क्यांच्या आसपास देऊ केले, आणि अनेकांनी तर सरळ निम्मे. पुढे इतरत्र झालेल्या प्रयोगांतही वीस टक्क्यांहून कमी देऊ केलेल्या रकमा वारंवार नाकारल्या गेल्या.

आता मत्सर. नाकारण्याचे कारण जर ‘त्याला जास्त, मला कमी’ एवढेच असेल, तर आकडे तेच ठेवून परिस्थिती बदलली तरी नकाराचे प्रमाण बदलता कामा नये. हीच गोष्ट फाल्क, फेर आणि फिशबाखर यांनी झुरिकमध्ये नव्वद विद्यार्थ्यांवर तपासली. त्यांचा लेख २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी देणाऱ्याला हवी ती वाटणी सुचवण्याची मोकळीक दिली नाही. दहा गुण वाटायचे आणि त्यासाठी दोनच पर्याय. त्यांतला एक नेहमी तोच : आठ मला, दोन तुला. दुसरा पर्याय मात्र चार खेळांत चार प्रकारचा होता.

पहिल्या खेळात देणाऱ्याला पाच-पाच अशी वाटणी करता येत होती. ती सोडून त्याने आठ-दोन निवडले, तर सुमारे चव्वेचाळीस टक्के लोकांनी ते नाकारले. दुसऱ्या खेळात पर्याय होता स्वतःला दोन आणि समोरच्याला आठ. तेव्हा तेच आठ-दोन नाकारणारे सत्तावीस टक्क्यांवर आले, कारण स्वतःच्या पदरात फक्त दोन घे अशी अपेक्षा आपण परक्या माणसाकडून पूर्णपणे करू शकत नाही, हे घेणाऱ्यांनाही कळत होते. तिसऱ्या खेळात दोन्ही पर्याय आठ-दोनच होते, म्हणजे देणाऱ्याच्या हातात काहीच नव्हते. नकार अठरा टक्के. चौथ्या खेळात दुसरा पर्याय होता दहा मला आणि शून्य तुला. तिथे आठ-दोन हीच त्यातल्या त्यात बरी वाटणी ठरली आणि नकार नऊ टक्क्यांवर उतरला.

चारही वेळा घेणाऱ्याला दोनच मिळणार होते, देणाऱ्याला आठच, आणि दोघांतले अंतर सहाचेच होते. तरीही नकार चव्वेचाळीसपासून नऊ टक्क्यांपर्यंत खाली आला. लोक समोरच्याचे ताट बघून नाही म्हणत नव्हते. त्याला काय करता आले असते आणि त्याने काय केले, हे बघून नाही म्हणत होते. गुणांचे मोल फार नव्हते आणि एकाच व्यक्तीने चारही खेळांसाठी आपले उत्तर आधीच लिहून दिले होते, या प्रयोगाच्या मर्यादा आहेत. पण आपण इथे नेमके किती टक्के हे विचारत नाही, चार खेळांत फरक पडतो का हे विचारतो, आणि तो फरक मर्यादांच्या आड लपणारा नाही.

मत्सराच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करायला हवे. देणाऱ्याच्या हातात काहीच नसतानाही अठरा टक्के लोकांनी नकार दिला. काही जणांना असमान वाटणीच सहन होत नाही, मग ती कोणी का केलेली असेना. तुम्हाला याला मत्सर म्हणायचे असेल तर म्हणा, पण तेवढ्यावरून उरलेल्या सगळ्यांना त्या पिशवीत टाकता येत नाही.

शिवाय मावशीचा प्रसंग मुळात हा खेळच नाही, आणि फॉरवर्ड पाठवणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे होते. खेळात नकार दिला की दोघांचेही पैसे जातात. मावशीने नकार दिला तेव्हा फक्त तिचे दोन हजार गेले. त्या बाईंकडे सोळाऐवजी अठरा हजार राहिले. या प्रकारचाही प्रयोग झालेला आहे : घेणाऱ्याने नाही म्हटले तर त्याचेच पैसे जातात, देणाऱ्याचा वाटा तसाच राहतो. जपानमधील यामागिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा स्थितीतही तीस ते चाळीस टक्के लोकांनी अन्यायकारक वाटणी नाकारली. इथे नकाराने दोघांतले अंतर कमी होत नाही, उलट वाढते. मत्सरी माणूस हे कधीच करणार नाही. हे तोच करतो ज्याला ‘ही वाटणी मला मान्य आहे’ असे स्वतःच्या हाताने नोंदवायचे नसते. मावशी नेमके तेवढेच करून उठली.

पहिल्या मुद्द्याबद्दल थोडक्यात. एकदाच खेळणाऱ्या अनोळखी माणसाला नकारातून पैशांचा फायदा होत नाही, हे खरे आहे. पण शंभरच नाकारले तर आपले शंभर जातात आणि समोरच्याचे नऊशे. चारशे नाकारले तर आपले चारशे जातात आणि त्याचे सहाशे. लोक हा हिशेब करतात, म्हणूनच देऊ केलेली रक्कम वाढली की नकार भराभर कमी होतात. आंधळ्या रागात असे होत नाही. दुसरे असे की, नकाराचा अधिकार काढून घेतला आणि देणाऱ्याला वाटेल तशी वाटणी करू दिली की देऊ केलेल्या रकमा लक्षणीय घसरतात. फॉरसाइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दोन्ही खेळ शेजारी ठेवून हे दाखवले. म्हणजे जिथे चाळीस-पन्नास टक्के देऊ केले जातात, तिथे त्यामागे देणाऱ्याचा चांगुलपणा थोडा आणि समोरचा नाही म्हणेल ही जाणीव बरीच असते. मिळेल ते मुकाट्याने घेणारेच ‘खरे शहाणे’ म्हणायचे असतील, तर लायप्झिगच्या चिंपांझींचे उदाहरण घ्या. झुरिकच्या त्याच चार खेळांसारखी मांडणी दहा मनुक्यांवर करून २००७ साली येन्सेन, कॉल आणि टोमासेलो यांनी त्यांची परीक्षा घेतली. चिंपांझींनी दोन मनुका जवळजवळ नेहमीच घेतल्या आणि दुसऱ्या ताटलीत पाच-पाच होते की दहा-शून्य, याने त्यांना फरक पडला नाही.

तिसरा मुद्दा मला नाइलाजाने बराचसा मान्य करावा लागतो, कारण त्याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. ईशान्य भारतातील खेड्यांत अँडरसन, नीझी, लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस रुपयांपासून वीस हजार रुपयांपर्यंतच्या रकमा ठेवून हा खेळ घेतला. वीस रुपये म्हणजे तिथली दीड तासाहून थोडी जास्त मजुरी, वीस हजार म्हणजे सुमारे सोळाशे तासांची. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत मोठ्या रकमेला नकार जवळजवळ उरलेच नाहीत. पण यातून ‘स्वाभिमान खोटा’ असे निघत नाही. विसातले दोन रुपये सोडणे आणि वीस हजारांतले दोन हजार, म्हणजे सुमारे एकशे साठ तासांची मजुरी, सोडणे यांची किंमत एक नाही. गरजेपोटी घेतलेले दोन हजार म्हणजे वाटणी पटल्याची पावती नव्हे. शिवाय या अभ्यासात कमी रकमा देऊ केल्या जाव्यात अशा बेताने सूचना लिहिलेल्या होत्या. इंडोनेशियातील योग्याकार्ता येथे लिसा कॅमेरॉन यांनी खेळणाऱ्यांच्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी खर्चाइतकी रक्कम ठेवली तेव्हाही नकार कमी झाले, पण देऊ केलेला वाटा फारसा घसरला नाही.

चौथ्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पंधरा छोट्या समाजांतले निष्कर्ष मांडले. पेरूतील माचिगेंगा लोकांत सरासरी सव्वीस टक्के दिले जात आणि नकार क्वचितच येई. इंडोनेशियातील लामालेरा या व्हेल पकडणाऱ्या गावात निम्म्याहून जास्त दिले जाई. पापुआ न्यू गिनीतील आउ आणि ग्नाउ समाजांत तर निम्म्याहून जास्त देऊ केलेलेही नाकारले गेले, कारण तिथे मोठी देणगी घेणे म्हणजे उपकाराचे ओझे घेणे. कशाला रास्त म्हणायचे हे समाजागणिक बदलते. पण पोटभरले विद्यार्थी यांत कुठेच नाहीत.

एक गोष्ट मात्र मावशीच्या विरोधात जाते, आणि ती मी तिलाही सांगितली. देण्याचा अधिकार सोडतीने न मिळता कमावून मिळालेला असेल, तर कमी वाटा लोक अधिक सहजपणे देतात. हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रश्नमंजुषेत वरचढ ठरणाऱ्यांना ती जागा देऊन हे दाखवले होते. त्या बाई म्हणू शकतात की काम मी आणले, गिऱ्हाईक माझे. ते खरे असेल तर निम्म्यापेक्षा थोडे जास्त त्यांचे, हे मावशीलाही पटते. ‘दहा-आठ म्हणाली असती तरी मी घेतले असते,’ ती म्हणाली. त्या बाईंच्या हातात दहा-आठ होते, अकरा-सात होते, बारा-सहा होते. त्यांनी सोळा-दोन निवडले.