खुलासा: बेरीज ३६० आली म्हणून वृत्तालेख बरोबर होत नाही

"सगळ्या केंद्रीय कोनांची बेरीज ३६० अंश आली की वृत्तालेख बरोबरच, वेगळं काही तपासायला नको."

नाही हो, असं नसतं. एका वर्गातली ४० मुलं शाळेत कशी येतात ते बघू, चालत १६, बसने १०, सायकलने ९, रिक्षाने ५. ३६० ला ४० ने भागलं की एका मुलामागे ९ अंश येतात, म्हणजे कोन झाले १४४, ९०, ८१ आणि ४५. आता समजा कुणी घाईत सायकलचे ८१ च्या जागी ९० लिहिले आणि रिक्षाचा कोन न काढता उरलेले ३६ अंश तिला देऊन टाकले, तरी बेरीज ३६० च येते! शेवटचा कोन वजाबाकीने काढला ना, की आधीची चूक त्यातच लपते, आणि हे मुलं सर्रास करतात. म्हणून प्रत्येक कोन वेगळा काढा आणि मग उलटं तपासा, ३६ भागिले ९ म्हणजे ४ मुलं, तक्त्यात तर ५ आहेत, इथेच चूक सापडते.

नावांचंही तसंच. बस आणि सायकलची नावं अदलाबदल झाली तर बेरजेला कळणारच नाही, त्यामुळे काढलेल्या आकृतीवर कोनमापक ठेवून प्रत्येक पाकळी नावासकट तक्त्याशी जुळवायची. एक-दोन अंशांचा फरक पेन्सिलीच्या जाडीने पडतो, ९ अंशांचा नाही.

शेजारी ६० मुलांच्या वर्गाचा वृत्तालेख असेल तर तिथे एका मुलामागे ६ च अंश, म्हणजे तिथली ९० अंशांची पाकळी १५ मुलांची. म्हणून एकूण संख्या आकृतीखाली लिहाच.