मूळचे कुठले?

मराठी माणसाला अनोळखी माणसाचं नाव कळलं नाही तरी चालतं, गाव कळावं लागतं. ट्रान्स-हार्बर लाइनवर ठाण्याला गाडीत चढलेले दोन प्रवासी रबाळे येईपर्यंत एकमेकांना ‘मूळचे कुठले?’, ‘आडनाव काय म्हणालात?’ आणि ‘सध्या कुठे असता, म्हणजे कुठल्या कंपनीत?’ हे विचारून मोकळे झालेले असतात. पूर्वी ही माहिती घणसोलीला उतरणाऱ्याबरोबर उतरून जायची. आता तीच आपण इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये लिहून ठेवतो, कुणी विचारलेलं नसताना.

इन्स्टाग्राम बायोला 150 अक्षरं देतं. एवढ्या जागेत काय काय मावतं ते पाहण्यासाठी एक काल्पनिक मेधाताई घेऊ. त्या ऐरोलीत राहतात, नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. बायो असा: ‘मेधा माहेरचं आडनाव-सासरचं आडनाव. ऐरोली सेक्टर 8. माहेर नौपाडा. रिहानची आई. अमुक कंपनीत एचआर. 12 मार्च. पुरणपोळीसाठी मेसेज करा.’ यातलं पुरणपोळीचं वाक्य सोडलं तर गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं काही नाही. बाकीचं कुणाच्या उपयोगाचं आहे, हे बघू.

सुरुवात नावापासून करायला हवी, कारण मराठी नाव मुळातच फितूर असतं. पूर्ण नाव लिहिलं की मधे वडील किंवा नवरा आलाच. त्यात दोन्ही आडनावं जोडून लिहायची पद्धत मला स्वतःला फार आवडते, पण तिची किंमत मुलगा मोजतो. ‘आईचं माहेरचं आडनाव काय?’ हा ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा जुना, ठरलेला प्रश्न. मेधाताईंनी एका जोडरेघेत त्याचं उत्तर दिलं आणि पुढे ‘रिहानची आई’ लिहून ते कुणाच्या खात्याला लागू पडतं तेही सांगून टाकलं. दोन्हीतली एकच गोष्ट लिहिली असती तर चाललं असतं. बायो तपासताना मी म्हणूनच ओळी सुट्या वाचत नाही, जोड्या लावून वाचतो.

दुसरी जोडी नाव आणि जन्मवर्षाची. आधार कार्डाची पीडीएफ डाउनलोड केली की ती पासवर्ड मागते. तो पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मवर्ष. मेधाताईंचा होतो MEDH1976. ही फाइल आपण कुठे कुठे पाठवलेली असते? सोसायटीच्या ऑफिसात, भाडेकराराच्या एजंटाला आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे ती पडून राहते. तिला असलेलं एकच कुलूप, आणि त्याची किल्ली बायोत टांगलेली.

‘पण मी वर्ष लिहिलंच नाही, फक्त 12 मार्च लिहिलंय,’ असं मेधाताई म्हणतील. खरं आहे. मात्र त्यांचं युजरनेम medha1976_airoli आहे. बायो आपण दर दिवाळीला घासूनपुसून लख्ख करतो, पण युजरनेम पहिल्या दिवशी ‘हे नाव उपलब्ध नाही’ म्हटल्यावर वैतागून जे टाकलेलं असतं तेच राहतं. त्यामुळे सफाई तिथून सुरू करावी. अकाउंट प्रायव्हेट करून हा प्रश्न सुटत नाही. प्रायव्हेट केल्यावर फोटो झाकले जातात; नाव, बायो आणि प्रोफाइलचा फोटो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतच राहतो.

गावाबद्दल मी जरा सैल आहे. पोळ्या विकायच्या तर कुठपर्यंत पोचवणार हे सांगावंच लागतं. पण ‘ठाणे-नवी मुंबई’ आणि ‘ऐरोली सेक्टर 8’ यांत फरक आहे. नवी मुंबईची रचनाच अशी आहे की सेक्टरचा आकडा कळला की उरतात थोड्याच सोसायट्या. मग मागे सोसायटीचं गेट आलेला एक फोटो पुरतो. ठाण्यात नुसतं ‘घोडबंदर रोड’ म्हटलं तर शोधणारा ट्रॅफिकमध्येच संपेल. पण तिथेही टॉवरचं नाव घातलंत की झालं. सेक्टर आणि इमारत ऑर्डर पक्की झाल्यावर मेसेजमध्ये सांगावी.

कंपनीचं गणित वेगळं. लिंक्डइनवर कंपनीचं नाव लागतं, नाहीतर तिथे जायचंच कशाला? तिथे गाळायचं ते पुढचं: क्लायंटचं नाव, प्रोजेक्टचं नाव, कुठल्या मजल्यावर बसता, कुणाच्या हाताखाली. साहेबांचं नाव आणि तुमचा विभाग कळला की ‘मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, तातडीने एक काम कर’ हा व्हॉट्सअ‍ॅप साहेबांचा फोटो लावून येतो. विभाग बरोबर असला की माणूस विश्वास ठेवतो. क्लायंटचं नाव तर गोपनीयतेच्या कराराखाली असू शकतं. आणि पोळ्यांच्या बायोत कंपनी लिहिण्याआधी नेमणूकपत्रातलं दुसऱ्या व्यवसायाबद्दलचं कलम एकदा वाचावं, कारण मेधाताई स्वतः एचआरमध्ये आहेत आणि ते पत्र बहुधा त्यांनीच दिलेलं असणार.

कंपनी लिंक्डइनवर आणि कुटुंब इन्स्टाग्रामवर, अशी वाटणी केली की आपण सुरक्षित, असं पुष्कळांना वाटतं. दोन्हीकडे तोच गणपतीतला नऊवारीतला फोटो असतो. फोटोवरून फोटो शोधायला मिनिट लागत नाही, की झाली पुन्हा जोडी. दोन ठिकाणी दोन फोटो ठेवावेत, आणि ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी गळ्यात असलेला तर कुठेच नको.

बदल केल्यावर ब्राउझरची खासगी, म्हणजे इन्कॉग्निटो, खिडकी उघडून, लॉग इन न करता, स्वतःचं नाव शोधावं. गूगलच्या निकालाखाली जुनीच ओळ काही दिवस दिसू शकते. त्यासाठी गूगलचं Refresh Outdated Content नावाचं पान आहे, तिथे त्या वेबपानाची लिंक देऊन विनंती करता येते. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटने पानाची प्रत आधीच घेतली असेल तर ती मात्र राहते. कायद्याच्या भरवशावरही राहू नये. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपण स्वतःहून जगजाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही.

शेवटी मेधाताईंचा बायो उरला तो असा: ‘मेधा. घरगुती पुरणपोळी. ठाणे-नवी मुंबई. ऑर्डर दोन दिवस आधी, मेसेज करा.’ अर्धीअधिक अक्षरं शिल्लक. युजरनेम बदललं, फोटो पोळीचा लावला, वाढदिवस काढला. आता 12 मार्चला सकाळी सात वाजता पोळीच्या फोटोखाली नौपाड्याच्या मावशींची कमेंट येईल: ‘रिहानच्या आईला पन्नाशीच्या खूप खूप शुभेच्छा! ऐरोलीला आलो की घरी येतोच, सेक्टर 8 ना गं?’