वजा केलं की संपलं?

«नॉनलिनिअर सिस्टिमला घाबरायचं कशाला? इनपुटमधूनच नॉनलिनिअर भाग वजा करा. सिस्टिम अचूक लिनिअर होते, मग हवे ते पोल ठेवा, म्हणजे चूक किती वेगाने विरेल ते आपणच ठरवा. कुठूनही सुरू करा, स्थिरच राहणार.»

वाशी-ऐरोली पट्ट्यातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये हे सध्या फार फिरतंय. कागदावर ते बरोबर आहे, म्हणूनच मोटर जोडण्याआधी नीट तपासायला हवं. मोटरला लावलेला, खाली लोंबणारा दांडा घेऊ: टोकाला ०.५ किलो, लांबी ०.४ मीटर, घर्षण सोडून देऊ. कोन θ खालून मोजायचा. `u` हा मोटरचा टॉर्क, `θd` हवा असलेला कोन, `m`, `l` वस्तुमान आणि लांबी, `k₁`, `k₂` आपण निवडलेले आकडे आणि `v` वजाबाकीनंतर उरलेल्या लिनिअर सिस्टिमचा इनपुट. नियम असा:

`u = m g l sin θ + m l² v`
`v = -k₁(θ - θd) - k₂ θ'`

पहिला शब्द «अचूक». वजाबाकी आपण मोजलेल्या वस्तुमानाची होते, खऱ्या नव्हे. समजा कोडमध्ये ०.४ किलो लिहिलं, k₁ = २५ ठेवला आणि दांडा ९०° वर धरायचा आहे. गुरुत्वाचा पाचवा भाग, ०.३९ sin θ न्यूटन-मीटर, शिल्लक राहतो. तो पेलायला नियंत्रकाकडे प्रत्येक रेडियन चुकीमागे १.६ न्यूटन-मीटर आहेत, त्यामुळे दांडा सुमारे ७६° वरच थांबतो. पोल ठरवताना ही १४ अंशांची चूक कुठेच दिसत नाही. इंटिग्रल जोडला तर स्थिर चूक जाते, पण हालचालीतला शिल्लक नॉनलिनिअर भाग तसाच राहतो. तपासणी सोपी आहे: v शून्य करा, दांडा हाताने वेगवेगळ्या कोनांत नेऊन सोडा आणि हलकं टिचकवा. प्रत्येक वेळी खालीच घसरत असेल तर `m g l` कमी लिहिलाय, वर चढत असेल तर जास्त.

«कुठूनही» हे मोटरला विचारा. खऱ्या वस्तुमानानेही ९०° वर नुसतं धरायला १.९६ न्यूटन-मीटर लागतात. मोटर १.५ वर थांबत असेल तर वजाबाकी अपुरी राहते आणि लिनिअर समीकरण त्याच क्षणी खोटं ठरतं.

सगळी नॉनलिनिअॅरिटी शत्रू असते, हे तर मला मुळीच पटत नाही. दांडा खाली आणायचा असेल तर गुरुत्व आपल्याच बाजूने असतं. k₁ = ४ ठेवला, तर ३०° वर स्थिर असताना मोटर ०.८१ न्यूटन-मीटर लावते, तेही लक्ष्याच्या उलट दिशेने! आपणच निवडलेल्या संथ गतीसाठी ती गुरुत्वाशी झुंजते. इथे वेगाच्या प्रमाणात नुसता ब्रेक पुरतो.

शिवाय ही सरळ वजाबाकी गुरुत्व आणि इनपुट एकाच समीकरणात आहेत म्हणून जमली. मोटर आणि दांड्यामध्ये लवचिक पट्टा घाला: गुरुत्व दांड्यावर, टॉर्क मोटरच्या शाफ्टवर. मग दांड्याच्या कोनाचा चौथा डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर `u` दिसतो. तिथे लिनिअर करता येतं, पण दांड्याचं त्वरण आणि त्या त्वरणाच्या बदलाचा दर दोन्ही हवे असतात. कोन मोजणाऱ्या एन्कोडरचे आकडे इतक्या वेळा डिफरन्शिएट केले की मापातला नॉइजच टॉर्क बनून मोटरला पोहोचतो. ते टाळायचं तर मोटरच्या शाफ्टवरही एन्कोडर लावा आणि पट्ट्याचा कडकपणा मोजा. त्या मापातली चूक पुन्हा वजाबाकीतच उतरते.