चलन परत सोन्याला बांधायचंय? मग एवढं कराच

परवा फॅमिली ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. त्यात एक गृहस्थ घसा खरवडून सांगतायत की १५ ऑगस्ट १९७१ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि तिथून जगाची वाट लागली, घरं महागली, पगार पुरेनासे झाले, बहुतेक केस गळायलाही तेव्हापासूनच सुरुवात झाली असावी. मी एवढंच विचारलं की मग १९३१ ला काय झालं होतं? उत्तर आलं, "अभ्यास वाढवा." खाली हात जोडलेले इमोजी. बरं, वाढवला. आता तुम्हालाही सोन्याचे भक्त व्हायचं असेल तर हे घ्या मार्गदर्शन, फुकट आहे.

सगळ्यात आधी, इतिहास १९७१ ला सुरू होतो हे मनावर बिंबवा. त्याआधी पृथ्वीवर डायनासोर होते.

मग नोटा छापण्याचा मुद्दा काढा, कारण तुमच्याकडे असलेला हा एकमेव दमदार मुद्दा आहे. सरकारच्या हातात छापखाना दिला की ते छापतं, १९२३ च्या जर्मनीत लोक पगार हातात पडल्या पडल्या दुकानाकडे धावायचे कारण संध्याकाळी त्या नोटांना किंमत उरायची नाही, हे खरंय. सोनं मात्र छापता येत नाही, खणावं लागतं. मध्यवर्ती बँकेने 'ही नोट आणा, ठरलेलं सोनं न्या' असं वचन दिलं की जास्त नोटा काढायची सोय राहत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनचा लांबचा हिशोब धरला तर महागाई जवळपास शून्य निघते, हेही सांगा. फक्त त्या शतकात १८७३ पासून वीसेक वर्षं भाव सतत घसरत होते हे सांगू नका. भाव घसरले की ऐकायला छान वाटतं, पण कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचं धान्य स्वस्त होतं आणि त्याचा हप्ता आहे तेवढाच राहतो. अमेरिकेत १८९६ ची अध्यक्षीय निवडणूक याच भांडणावर झाली. पुढे भाव परत चढले, ते कुणाच्या शिस्तीमुळे नाही, तर दक्षिण आफ्रिकेत भरपूर सोनं निघालं म्हणून. म्हणजे जगात किती पैसा असावा हे खाणीत काय सापडतं त्यावर ठरणार. उत्तम व्यवस्था.

२००० साली औंसाला ३०० डॉलरच्या खाली असलेलं सोनं २०११ मध्ये १९०० च्या आसपास गेलं, याला 'स्थिर' म्हणायची सवय लावून घ्या.

आणि कुणी १९२५ चं ब्रिटन काढलं तर ताबडतोब फोन आल्याचं नाटक करा. कारण तिथे तुमच्या योजनेची खरोखर परीक्षा झाली होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने सोनं बाजूला ठेवलं, भाव चढले. एप्रिल १९२५ मध्ये अर्थमंत्री चर्चिल, हो तेच, त्यांनी पौंड परत सोन्याला बांधला, आणि बांधला तो युद्धाआधीच्या जुन्या भावाला, एका पौंडाला ४.८६ डॉलर, कारण इभ्रतीचा प्रश्न. अर्थतज्ज्ञ केन्स ओरडून सांगत होता की हा भाव साधारण दहा टक्के जास्त आहे. म्हणजे ब्रिटिश कोळसा परदेशी गिऱ्हाइकाला दहा टक्के महाग. आता चलनाचा भाव तर हलवायचा नाही, मग हलणार कोण? पगार, दुसरं कोण. खाणमालक म्हणाले पगार कमी घ्या आणि तास जास्त भरा, कामगार म्हणाले जमणार नाही, मे १९२६ ला देशभर संप झाला, तो नऊ दिवसांत मोडला, पण खाणकामगार पुढे कित्येक महिने बाहेर राहिले आणि हिवाळ्याच्या तोंडावर उपाशीपोटी मालकांच्या अटी मान्य करून परत खाली उतरले. चूक त्यांची काय होती? पौंडाचा आकडा रुबाबदार दिसायला हवा होता!

बरं, दहा लाखांच्या वर माणसं बेकार बसलेली असताना बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर कमी करायचे ना? तर नाही करता येत, कारण व्याज कमी केलं की पैसेवाले पौंड देऊन सोनं उचलणार आणि न्यूयॉर्क नाहीतर पॅरिसला नेणार. सोनं वाचवायचं तर व्याज चढं ठेवा, आणि व्याज चढं ठेवलं की कारखाने थंड. १९३१ च्या ऑगस्टमध्ये बेकारभत्ता कापण्यावरून सरकार पडलं, सप्टेंबरमध्ये पगारकपातीवरून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात नौदलाच्या खलाशांनी काम नाकारलं, सोनं बाहेर धावत सुटलं आणि २१ सप्टेंबरला ब्रिटनने हात टेकले, पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. मग प्रलय आला का? नाही आला. पौंड घसरला, निर्यातीला हवा मिळाली, ६ टक्क्यांवर असलेला बँकेचा दर जून १९३२ पर्यंत २ टक्क्यांवर आला आणि गाडी हळूहळू रुळावर आली. आधीच्या मंत्रिमंडळातल्या एकाच्या तोंडी एक वाक्य घालतात, की असं करता येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! आणि ज्यांनी सोनं सोडलं नाही त्यांचं बघा. ब्रिटन बाहेर पडल्यावर लगेच ऑक्टोबर १९३१ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, देशात बँका पटापट बुडत असताना, सोनं राखायला दर दीड टक्क्यावरून साडेतीनवर नेला. बुडणाऱ्याच्या डोक्यावर पाय दिला सरळ. फ्रान्स १९३६ पर्यंत चिकटून बसला आणि तितकाच काळ कुढत राहिला. ज्याने सोनं लवकर सोडलं तो लवकर सावरला, हा क्रम देशामागून देश दिसतो आणि म्हणून अर्थतज्ज्ञ तुमच्या योजनेकडे संशयाने बघतात, बँकांनी विकत घेतलं म्हणून नाही.

२०१२ मध्ये शिकागो विद्यापीठाने चाळीसेक नामवंत अर्थतज्ज्ञांना विचारलं की चलन सोन्याला बांधल्याने सामान्य अमेरिकन माणसासाठी भाव आणि रोजगार सुधारतील का. एकही हो म्हणाला नाही. डावे-उजवे सगळे त्यात होते आणि ही मंडळी एरवी एकमेकांशी कशावरही सहमत होत नाहीत. पण तुम्ही म्हणा, विकले गेलेत.

शेवटची टिप 'शिस्त' या शब्दाची. हा दर दोन वाक्यांनी वापरा.

कसली शिस्त हो? वचन कोण देणार, तेच सरकार ना, ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही? १९१४ ला युद्ध लागलं आणि बहुतेक देशांनी ते वचन गुंडाळून ठेवलं. १९३३ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं आणि पुढच्या वर्षी औंसाचा भाव २०.६७ वरून ३५ डॉलर करून टाकला. १९७१ ला निक्सनने तेच केलं, तुमच्याच व्हिडिओत आहे की! ज्याला वचन मोडायचंय तो सोन्याचंही मोडतो, आणि ज्याला पाळायचंय त्याचे हात मंदीत बांधलेले राहतात.

महागाईचा राग आहे ना, मग तो राग धरा, मध्यवर्ती बँकेने महागाईचं ठरलेलं लक्ष्य का चुकवलं ते विचारा, सरकारचा तिच्यावर दबाव असेल तर त्यावर बोला. त्यासाठी कंटाळवाणे अहवाल वाचावे लागतात, तिथे पार्श्वसंगीत नसतं, म्हणून नकोय तुम्हाला. आणि सोनंच हवं असेल तर साधा प्रश्न, औंसाला भाव कोणता धरणार? कमी धरलात तर आहे तेवढ्या पैशाला सोनं पुरणार नाही, मग पैसा आटवावा लागेल. जास्त धरलात तर आज ज्याच्या तिजोरीत सोनं आहे तो एका रात्रीत मालामाल आणि वर महागाईचा भडका. सांगा ना आकडा. चर्चिलने निदान सांगितला होता, चुकीचा का होईना. तुमच्याकडे तोही नाही, आणि मंदीत पगार कापून घ्यायला पहिला कोण उभा राहणार त्याचंही नाव नाही. ते ठरेपर्यंत दुसऱ्यांच्या पोटावर प्रयोग सुचवणं बंद करा.