गाडीच्या स्क्रीनवरचा मॅप सारखा गायब होतोय? आधी केबल बघा

परभणीत मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गेल्या काही महिन्यांत दुकानात सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार एकच: "फोन गाडीला जोडला की स्क्रीनवर मॅप येतो, थोड्या वेळानं जातो, परत येतो, परत जातो." लोक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन आलेले असतात, फोन रीसेट केलेला असतो. काहींना तर अख्खा म्युझिक सिस्टिम बदलायचा सल्ला मिळालेला असतो. आणि माझ्याकडं आलेल्यांपैकी बहुतेकांची गाडी नुसती केबल बदलून ठीक झाली. हे ऐकलं की मला खरंच राग येतो, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्या दाजींचंच सांगतो. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी ते तिला घेऊन संभाजीनगरला निघाले. जिंतूर, मंठा, जालना असा रस्ता. जिंतूरपर्यंतच चार-पाच वेळा मॅप गेला. प्रत्येक वेळी परत जोडायला आठ-दहा सेकंद लागायचे. जालन्यात वळणावर नेमका मॅप गेला आणि दाजी मान खाली घालून स्क्रीनकडं बघत बसले. मागून ट्रक हॉर्न देतोय, आई घाबरलेली. परतीच्या वाटेवर मात्र एकदाही तुटलं नाही. तेव्हा दाजींना वाटलं, आपोआप नीट झालं.

आपोआप काही झालं नव्हतं. मी विचारलं, "दाजी, जाताना फोनला बॅटरी किती होती?" म्हणाले, "वीस-पंचवीस टक्के असेल. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला. येताना मात्र दवाखान्यातच फुल करून घेतला." खरं कारण इथंच सापडलं.

बॅटरी रिकामी असली की फोन जास्त करंट ओढतो, भरत आली की कमी. करंट जास्त झाला की बारीक तारेत व्होल्टेज पडतं. दाजी शेतकरी आहेत, त्यांना मी एवढंच म्हणालो, "विहिरीवरच्या मोटारीला लांबच्या डीपीवरून बारीक केबल टाकली तर काय होतं?" लगेच समजलं त्यांना. मोटार गुणगुणते, उचलत नाही. इथंही तेच, फक्त 5 व्होल्टवर.

त्यांची केबल बसस्टँडजवळ घेतलेली, 2 मीटर लांब, वरून जाड विणलेलं आवरण. दिसायला दणकट. मी यूएसबी मीटर लावून मोजलं. फोन 1 अँपिअर ओढत होता. गाडीच्या पोर्टवर 5.05 व्होल्ट, केबलच्या फोनकडच्या टोकाला 4.2. म्हणजे 0.85 व्होल्ट वाटेतच गेले. नंतर केबल कापून पाहिली. आत तांब्याचे सात-सात केसासारखे धागे, म्हणजे साधारण 28 नंबरची तार. डेटाच्या दोन तारा एकमेकींना पीळ न देता नुसत्या शेजारी टाकलेल्या, आणि त्यांच्यावर चमकीचा कागद किंवा जाळी काहीच नाही.

आता प्रश्न येतो, व्होल्टेज पडलं तर चार्जिंग हळू होईल, स्क्रीन का तुटावी? हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथंच आहे. साध्या यूएसबी केबलमध्ये मुख्य चार तारा असतात. दोन करंटच्या, दोन डेटाच्या. करंटच्या दोनपैकी एक म्हणजे ग्राउंड. चार्जिंगचा करंट त्याच ग्राउंडवरून परत जातो, आणि डेटाचा सिग्नल दोन डेटा तारांमधल्या फरकावरून वाचला जात असला तरी त्या दोन्ही तारांचं व्होल्टेज त्याच ग्राउंडच्या तुलनेत ठरावीक मर्यादेत राहावं लागतं. 0.85 व्होल्ट दोन तारांत अर्धे-अर्धे पडले, म्हणजे ग्राउंडवर 0.42 व्होल्ट. गाडीकडचं शून्य आणि फोनकडचं शून्य यांच्यात एवढी तफावत झाली. आणि 480 एमबीपीएस वेगाच्या यूएसबी डेटाचा सिग्नल केवढा असतो? जेमतेम 0.4 व्होल्टचा. सिग्नलएवढीच तफावत झाली की ती मर्यादा सुटते, मग तो नीट वाचायचा कसा? सुरुवातीला गाडी चुकलेला डेटा पुन्हा मागून घेते, पण चुका वाढल्या की कनेक्शन तुटतं. मग फोन नव्यानं ओळखायचा, ॲप नव्यानं सुरू करायचं, चित्र नव्यानं पाठवायचं. तेच ते आठ-दहा सेकंद.

म्हणून "चार्जिंग तर होतंय की, मग केबल चांगलीच आहे" हा समज सोडून द्या. चार्जिंग अडखळत झालं तरी कळत नाही. डेटा अडखळला की लगेच कळतो.

घरी तपासायचं असेल तर गाडी उभी ठेवा, इंजिन चालू ठेवा, फोन 30 टक्क्यांच्या खाली असताना जोडा आणि मॅप लावून वीस मिनिटं बसा. उभ्या गाडीतच तुटलं तर संशय तारेवर. उभ्या गाडीत तुटत नाही, पण खड्ड्यात किंवा प्लग हलवला की तुटतं, तर पिन सैल आहे किंवा फोनच्या पोर्टमध्ये कचरा बसलाय. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि खिशातला कापसाचा मळ मिळून तिथं घट्ट थर होतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढायचा, सुईनं अजिबात नाही.

एक वेगळा प्रकारही आहे. एका बाजूला जुना चपटा प्लग आणि दुसऱ्या बाजूला सी टाइप, अशा केबलमध्ये 56 किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर असायला हवा. त्यावरून फोनला कळतं की समोरचं पोर्ट साधं आहे, जास्त ओढायचं नाही. काही स्वस्त केबलमध्ये तिथं 10 किलोओहमचा असतो. मग फोनला वाटतं 3 अँपिअर मिळतील. गाडीच्या पोर्टला ते झेपत नाही, आणि ते स्वतःला वाचवायला बंद पडतं. गूगलचे इंजिनिअर बेन्सन ल्युंग यांनी 2015 मध्ये अशा कितीतरी केबल तपासून लोकांसमोर आणल्या होत्या. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणून निनावी केबल घेऊच नका असं मी सांगतो.

मग घ्यायची कुठली? लांबी 1 मीटरच्या आत. फोनवरचा मॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या अँड्रॉइड ऑटोसाठी गूगलही हेच सांगतं, आणि मध्ये हब किंवा एक्स्टेंशन लावू नका म्हणतं. डॅशबोर्डपासून गिअरपर्यंत अर्धा मीटरही पुरतो. मागच्या सीटवर फोन द्यायचा म्हणून लांब केबल हवी असेल तर ती चार्जिंगसाठी वेगळी ठेवा. बऱ्याच केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत तारेची जाडी सांगणारा एडब्ल्यूजी नंबर छापलेला असतो. त्यात करंटच्या तारा 24 किंवा त्याहून कमी नंबरच्या बघा. नंबर जेवढा लहान तेवढी तार जाड. 28 पेक्षा 24 मध्ये अडीच पट तांबं असतं. खोक्यावर डेटा 480 एमबीपीएस लिहिलेलं असेल तर तेवढं भरपूर आहे. 100 वॉट, 240 वॉट हे आकडे चार्जिंगचे, त्यांच्यासाठी जास्त पैसे घालू नका. आयफोनला जुनी लाइटनिंग पिन असेल तर ॲपलची एमएफआय मान्यता असलेलीच घ्या. आणि तीन तोंडांची केबल, बारक्या पिनवर बसवायचं सी टाइपचं टोपण, हे गाडीत नकोच.

दाजींना मी 1 मीटरची, 24 नंबरच्या तारेची केबल दिली. चारशेच्या आसपास पडली. फोनची बॅटरी मुद्दाम उतरवून तेवढ्याच 1 अँपिअरवर मोजलं, फोनकडं 4.86 व्होल्ट आले. परवा ते 22 टक्के बॅटरीवर जालन्यापर्यंत जाऊन आले. फोन करून म्हणाले, "एकदाबी नाही गेला रे मॅप." आणि मग पुढं विचारत होते, विहिरीवरच्या मोटारीची केबलही एकदा येऊन मोजतोस का म्हणून. रविवारी जातोय.